धाबं गेलं, आजी ऐंशीची झाली

आमची आजी या कोजागिरीला ऐंशी वर्षांची झाली. आधार कार्डावर ती १ जूनलाच ऐंशीची झाली होती, कारण तिला शाळेत घालताना गुरुजींनी त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे १ जून लिहून टाकला. तिच्या आईच्या सांगण्याप्रमाणे मात्र ती मोठी लढाई संपली त्या वर्षीच्या, म्हणजे १९४५ च्या, कोजागिरीच्या रात्री जन्मली. सुईणीला द्यायला आटवलेलं दूध चुलीवर तयारच होतं, असं ती अजून अभिमानाने सांगते, जणू ती व्यवस्था तिनेच करून ठेवली होती. तिथीने एक वाढदिवस, शाळेच्या दाखल्याने दुसरा, आणि १९४५ ची ती पौर्णिमा २१ ऑक्टोबरची निघाली म्हणून तारखेने तिसरा, असे तिन्ही साजरे झाले पाहिजेत, हा तिचा आग्रह आहे. तिन्हींना गोड वेगवेगळं हवं, हेही तिने आधीच सांगून ठेवलं आहे.

सहस्रचंद्रदर्शन कधी करायचं, यावरून घरात थोडी वादावादी झाली. मधल्या नातवाने हिशेब मांडला. एका पौर्णिमेपासून दुसरी पौर्णिमा साधारण साडेएकोणतीस दिवसांनी येते, त्यामुळे हजार पौर्णिमांना ऐंशी वर्षं आणि वर सुमारे दहा महिने लागतात. आजीच्या जन्मरात्रीपासून हजार पौर्णिमा मोजल्या तर पुढच्या वर्षीची, २८ ऑगस्ट २०२६ ची राखीपौर्णिमा येते. जन्माची पौर्णिमाही मोजायची ठरवली तर हजारावी एक महिना आधी, गुरुपौर्णिमेलाच होते. आजीने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि म्हणाली, "जन्मले तेव्हा माझे डोळे मिटलेले होते, तो चंद्र मी पाहिला नाही. राखीपौर्णिमा धरा. पाटल्या करायला तुमच्या बापांना महिनाभर जास्त मिळेल."

अशा बाईच्या वाढदिवसाच्या वर्षी दुसऱ्या कशासाठी तरी श्रद्धांजली लिहायची वेळ आमच्यावर आली आहे. यंदाच्या उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घराचं धाबं उतरवलं. वाळवीने दोन तुळया आतून खाल्ल्या होत्या, आणि गेल्या पावसाळ्यात माजघरात माती पडायला लागली होती. सागाच्या ज्या तुळया धड होत्या त्या विकल्या, बाकीचं सरपण झालं. त्या धाब्यावर आजीने लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी चैत्रात कुरडया घातल्या. गुडघ्यांनी जिना चढायला नकार दिला तेव्हाच ते थांबलं होतं, पण धाबं उभं होतं तोवर आम्ही सगळेच 'पुढच्या वर्षी घालू' म्हणत होतो.

ज्यांनी खानदेशातलं जुनं घर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर. खाली तुळया, त्यांवर आडव्या किलच्या, त्यांवर तुराट्यांचा थर, मग चिखल, आणि सगळ्यात वर खारी माती. ही माती पावसात बसते, भेगा भरते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. दर मृगाआधी तिचा नवा थर द्यावा लागतो. ज्या वर्षी घरात कोणी राहत नाही आणि तो थर चुकतो, त्या वर्षापासून घर खचायला लागतं. आमच्याकडे नेमकं तेच झालं. उन्हाळ्यात मात्र धाब्यासारखी जागा नाही. चारी बाजूंनी मोकळं, कुणाची सावली नाही, धूळ रस्त्यावरच राहते, आणि आमच्याकडचं चैत्र-वैशाखाचं ऊन चाळीसच्या वर चढलेलं. बिबड्या, उडदाचे पापड, शेवया, सगळं तिथेच वाळायचं. पण आजीचा खरा जीव कुरडयांत.

कुरडई ही चार दिवसांची कामगिरी असते आणि तिच्यात घाई चालत नाही. आजी निवडलेले गहू पाण्यात घालायची ते तीन रात्री. रोज सकाळी पाणी ओतून द्यायचं, गहू चोळून धुवायचे आणि ताजं पाणी घालायचं. हे पाणी बदलणं हा तिच्या मते अर्धा स्वयंपाक. उन्हाळ्यात भिजलेलं धान्य झपाट्याने आंबतं. थोडं आंबणं हवंच असतं, त्याने दाणा मऊ होतो आणि आतला चीक मोकळा होतो. पण पाणी बदललं नाही तर वास सुटतो, चीक काळपट होतो आणि तळल्यावर कुरडईला आंबूस चव येते. चौथ्या दिवशी ती एक दाणा चिमटीत दाबायची. टरफल वेगळं होऊन पांढरंशुभ्र दूध बाहेर आलं की गहू तयार. आत कडक कणी लागली तर अजून एक रात्र.

मग वाटण. पूर्वी पाट्यावर, नंतर मिक्सरवर, तेही थांबून थांबून, म्हणजे वाटण गरम होत नाही. वाटलेलं पाण्यात कालवून जुन्या पातळाच्या तुकड्यातून पिळून घ्यायचं. कापडात उरतो तो चोथा. त्यात तिखट, मीठ, जिरं घालून आजी भुसवड्या थापायची. टाकायचं काहीच नाही. गाळलेलं दूध रात्रभर न हलवता ठेवायचं. सकाळपर्यंत चीक तळाशी घट्ट बसतो आणि वर पिवळसर पाणी निवळतं. ते पाणी ओतायचं काम आजीने कधीच कुणाला दिलं नाही. भांडं एकदा जास्त कललं की वरचा चीक पाण्याबरोबर निघून जातो. आणि पाणी पूर्ण काढलं नाही तर पुढचं माप चुकतं, कारण नंतर जेवढा चीक तेवढंच पाणी आधणाला ठेवायचं असतं.

पहाटे चारला चूल पेटायची. आधणात मीठ आणि हिंग पडायचं, आणि पाणी खळखळलं की एक बाई चीक धार धरून ओतायची, दुसरी लाकडी चाटूने ढवळायची. हे एकटीने होण्यासारखं नाही, आणि आमच्या सगळ्या गोष्टीचं मूळ तिथेच आहे. धार थांबली किंवा ढवळणं थांबलं की गुठळ्या होतात, आणि गुठळी सोऱ्याच्या भोकात अडकते. म्हणून गल्लीतल्या बाया पाळी लावायच्या. आज आमच्याकडे, उद्या शेजारी, परवा मागच्या आळीत. कुणी कुणाला पैसे देत नसे. येणारीने आपला सोऱ्या घेऊन यायचं आणि जाताना पोरांसाठी वाटीभर गरम चीक न्यायचा. ज्या घरी सुतक असेल त्या घरच्या कुरडया बाकीच्या बाया आपापल्या घरी घालून डबा पोचवायच्या, कारण आखाजीला लेक माहेरी येणार आणि ताटात कुरडई नाही, हे कुणालाच पाहवलं नसतं.

या पाळीची वही नव्हती. ती आजीच्या डोक्यात होती, आणि ती तिथे अजूनही आहे. कुणाच्या घरी किती पायली गहू भिजवले होते, कुणाच्या सुनेचा हात जड, कुणाकडे चहात साखर कमी, हे ती आज झोपेतून उठवलं तरी सांगेल. चहाच्या साखरेबद्दल तर नावानिशी सांगेल, म्हणून आम्ही तिला पाहुण्यांसमोर विचारत नाही.

आता धाकट्या आजीची गोष्ट. धाकटी आजी म्हणजे आजीची जाऊ. वाटणीच्या वेळी एका विहिरीवरून दोघींचं बिनसलं आणि दोघी बोलेनाशा झाल्या. हा अबोला आमच्या आई-काकांच्या लग्नांपासून आमच्या शाळेपर्यंत टिकला. पण चैत्रात आजीच्या घरचा दिवस आला की पहाटे चारला धाकटी आजी आपला पितळी सोऱ्या पदराखाली घेऊन दारात हजर. आजीच्या समोर बसायची, चाटू हातात घ्यायची, आणि दोघी दिवसभर एकमेकींशी एक शब्द न बोलता काम करायच्या. बोलणं व्हायचं ते आमच्यामार्फत. धाकटी नात मध्ये बसलेली असायची. "सांग तुझ्या आजीला, जाळ कमी कर." आजी हातभर अंतरावर. नात मान वळवून सांगायची, "आजी, जाळ कमी कर." आजी जाळ कमी करायची आणि म्हणायची, "सांग तिला, मला कळतं." हा निरोप पोचवायला पाव तोळा खडीसाखर मिळायची, म्हणून आम्हा नातवंडांत मध्ये बसण्यासाठी भांडणं व्हायची.

एका वर्षी मात्र हा निरोपाचा कारभार अडला. चीक शिजत आला होता. शिजला की नाही, हे बघायच्या काही खुणा असतात. कच्चा चीक पांढरा आणि निस्तेज दिसतो. शिजत जातो तसा तो घट्ट होतो आणि काचेसारखी झाक धरतो. चाटू उचलला तर गोळा सलग वर येतो. शेवटची परीक्षा बोटाची: बोट पाण्यात बुडवून चिकाला लावायचं, चिकटलं नाही तर शिजला. आजीने बोट लावलं, चिकटलं नाही, ती म्हणाली झाला. धाकटी आजी चाटू सोडेना. नातीने तीन वेळा निरोप पोचवला, तरी ती ढवळतच राहिली. आजीचा पारा चढला. शेवटी धाकट्या आजीने भांड्याच्या अगदी तळातून चाटूभर चीक काढला, ताटलीत ठेवला आणि ताटली आजीपुढे सरकवली. मधोमध पांढरे ठिपके होते. वरचा चीक शिजला होता, तळाचा कच्चा. त्या दिवशी पातेलं नेहमीपेक्षा मोठं होतं आणि जाळ एका बाजूला जास्त लागत होता.

असा चीक तसाच सोऱ्यात भरला तर काय होतं, हे दोघींना माहीत होतं. पिष्टाचे कण गरम पाण्यात नीट फुगले नाहीत तर ते एकमेकांना धरून राहत नाहीत. ओली कुरडई छान दिसते, पण वाळता वाळता तडकते आणि डब्यात तिचा चुरा होतो. चार दिवसांच्या कामाचा चुरा. आजीने ताटलीकडे बघितलं, जावेकडे बघितलं, आणि नातीला मधून उठवलं. "बरोबर आहे तुझं. झाकण ठेव, अजून वाफ येऊ दे." बारा-पंधरा वर्षांतलं जावेशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य. धाकटी आजी काहीच म्हणाली नाही. तिने झाकण ठेवलं, वर निखारे ठेवले, आणि थोड्या वेळाने विचारलं, "नातू कितवीत गेला?" विहिरीचा वाद पुढेही मिटला नाही, पण त्या दिवसानंतर दोघी त्याच्यावर थेट भांडायला लागल्या. खडीसाखर मात्र बंद झाली, आणि नात त्याबद्दल अजून नाराज आहे.

धाकटी आजी चार वर्षांपूर्वी गेली. तिच्या तेराव्याला आजीने कुणालाही न सांगता बाजारातून कुरडया आणवल्या आणि ताटात वाढल्या. तेराव्याला कुरडई कोण करतं, असं कुणीतरी म्हणालं. आजी म्हणाली, "तिला आवडायची. आणि या विकतच्या आहेत, तिला नावं ठेवायलाही मिळतील."

चीक शिजल्यानंतर घाई लागते. तो गरम असेपर्यंतच सोऱ्यातून उतरतो, गार झाला की दांडा दाबवत नाही. दोन-तीन बाया सोऱ्या फिरवायच्या, बाकीच्या पातेल्यातून गोळे काढून द्यायच्या. बाजेवर धुतलेलं लुगडं ताणून बांधलेलं असायचं, त्याच्यावर तळहाताएवढे गोल. हे सगळं ऊन वर येण्याआधी आटपायला हवं, म्हणजे पहिल्याच दिवशी कुरडईला अख्खं ऊन मिळतं. संध्याकाळी वरची बाजू वाळली की उलटायच्या, आणि मग आणखी दोन दिवस कडकडीत ऊन. पहिल्या दिवशी ढग आले तर कुरडई लालसर पडते आणि फुलत नाही. एका वर्षी वळवाचा पाऊस दुपारीच आला. बाजा उचलून खाली आणेपर्यंत निम्म्या भिजल्या. आजीने त्या पंख्याखाली वाळवल्या, पण त्या तळायच्या लायकीच्या राहिल्या नाहीत. त्या वर्षी आमच्याकडे आठवड्याला दोनदा कुरडईची भाजी झाली: भिजवून, कांदा-तिखटावर परतून. आजोबांनी एकदाच विचारलं, "अजून किती उरल्यात?" आजी म्हणाली, "पाऊस मी पाडला नव्हता."

राखण हे आम्हा नातवंडांचं काम. कावळे, चिमण्या, कधी वानरं. पण खरा धोका राखणदारांपासूनच होता. अर्धवट वाळलेली कुरडई, वरून कडक आणि आतून चिवट, ही जगातली सगळ्यात चवदार वस्तू आहे, हे तोंडाला चव असलेला कुणीही मान्य करेल. थोरल्याने युक्ती काढली होती. तो ओळीच्या टोकाच्या कुरडया खात नसे, मधल्या खायचा आणि बाकीच्या थोड्या थोड्या सरकवून जागा भरायचा. आजी संध्याकाळी उलटायला वर आली, एका बाजेकडे बघितलं आणि थेट त्याचा कान धरला. कळलं कसं, हे तिने पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं. ओली कुरडई लुगड्याला चिकटून वाळते. सरकवली की खाली कापडावर चिकाची गोल खूण उरते, आणि थोरल्याच्या ओळीत खुणा एकीकडे आणि कुरडया दुसरीकडे होत्या.

तिच्या या बारीक नजरेचा खरा किस्सा तिने नातींना आत्ता, वयात आल्यावर सांगितला. आमच्याकडे पक्कं मानलं जायचं की पाळी आलेल्या बाईने कुरडयांना हात लावला किंवा तिची सावली पडली तरी चीक लाल होतो. आजीने सून म्हणून ते पाळलं. पण ज्या वर्षी कुरडया लाल पडल्या त्या वर्षांची ती मनात नोंद ठेवत गेली. प्रत्येक वेळी एकतर ढग आले होते, नाहीतर गव्हाचं पाणी एक दिवस बदलायचं राहिलं होतं. एकदा ऐन पाळीच्या दिवशीच तिच्या घरची कुरडईची पहाट आली. सोऱ्या फिरवायला हात कमी होते, सासूबाई वर बसल्या होत्या. आजी काही न बोलता दिवसभर सोऱ्या फिरवत राहिली. त्या वर्षीच्या कुरडया गल्लीत सगळ्यात पांढऱ्या निघाल्या. आखाजीच्या ताटात सासूबाईंनी त्या आमरसात बुडवून खाल्ल्या आणि कौतुक केलं. आजीने ते कौतुक पदरात पाडून घेतलं आणि आयुष्यभर तोंड उघडलं नाही. पुढे आपल्या सुनांना मात्र तिने सरळ सांगितलं: ऊन आणि पाणी बघा, बाकी काही बघू नका. आमची आई आणि काकू कोणत्याही दिवशी सोऱ्यावर बसल्या, आणि आम्हा नातींना तर असा काही नियम होता हेच मुळी ठाऊक नव्हतं.

धाबं उतरवलं तेव्हा आम्हाला वाटलं होतं की आजीला फार लागेल. ती आता जळगावात काकांकडे तिसऱ्या मजल्यावर राहते. उतरवायच्या दिवशी तिला गावी नेलं. ती समोरच्या ओट्यावर बसून माणसांना सूचना देत राहिली, पन्हाळ नीट काढा, दाराची चौकट मोडू नका. चौकट काकांकडे आली आहे. संध्याकाळी ती एवढंच म्हणाली की धाब्याचं काही नाही, ते दर मृगाला माती मागायचं, आता कोण घालणार होतं. तिला जे सलतं ते वेगळं आहे. मागच्या आळीत आता कुणाची पाळी लागत नाही. ज्या बाया यायच्या त्यांतल्या बऱ्याच गेल्या, ज्या आहेत त्या आपापल्या मुलांकडे नाशिक-पुण्याला आहेत, आणि ज्या सुना गावात आहेत त्या नोकरीला जातात. पहाटे चारला उठून दुसरीच्या घरी चाटू धरायला कुणी यावं असं आता कुणी म्हणू शकत नाही, आणि म्हणूही नये. कुरडई काही संपलेली नाही. बचत गटाच्या बाया ती मजुरीवर करतात, त्यांना त्याचे पैसे मिळतात, आणि आम्हाला ते बरोबर वाटतं. आमची आजी आयुष्यभर ज्या कामाला एक वाटी चीक घेत आली, त्याचा भाव आता कुणाला तरी मिळतो आहे. पण आजीची ती पाळी, ज्यात अबोला धरलेली जाऊसुद्धा सोऱ्या घेऊन यायची, ती विकत मिळत नाही. ही श्रद्धांजली तिला आहे.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही काकांच्या गच्चीवर कुरडया घालून बघितल्या. आजी खाली खुर्चीत, धाकटी नात वर, मध्ये मोबाईल. गॅसवर पातेलं छोटं, चीक व्यवस्थित शिजला, सोऱ्याही धाकट्या आजीचाच होता. पण गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि शेजारची इमारत. अकरापर्यंत सावली, तीननंतर पुन्हा सावली. चार दिवस घालूनही मधला भाग ओला राहिला. तळायला घेतल्यावर कडा फुलल्या आणि मध्ये गाठ राहिली. असं का होतं हे आजीने फोनवर सांगितलं: कुरडई तेलात पडली की आत उरलेला कणभर ओलावा एकदम वाफ होतो आणि तिला फुलवतो, पण ओलावा जास्त असला तर वाफ जागच्या जागी कोंडते आणि कुरडई तेल पिते. मग तिने उरलेल्या सगळ्या परत उन्हात घालायला लावल्या. निम्म्या वाचल्या.

कोजागिरीच्या जेवणाला खापरावरची पुरणपोळी होती, सार होतं, आणि बचत गटाच्या कुरडया. आजीने पहिली कुरडई उचलली, उजेडाकडे धरून बघितली, मोडली, आणि म्हणाली, "चीक दोन वाफा कमी शिजलाय. आणि पाणी दोनदाच बदललंय." पाकिटावर नंबर होता. दूध चांदण्यात ठेवायच्या आधी तिने थोरल्याला तो लावायला सांगितला. पलीकडच्या बाईने आधी तक्रार समजून सबबी सांगितल्या. आजीने तिला थांबवलं, गहू कोणता घेता, किती रात्री भिजवता, पातेलं केवढं, जाळ कसा, सगळं विचारलं. पंधरा-वीस मिनिटं दोघी बोलल्या. शेवटी ती बाई म्हणाली, "आजी, चैत्रात आमच्याकडे या ना, आम्ही गाडी पाठवू." आजीने विचारलं, शेड तळमजल्यावर आहे का. आहे म्हणाली. बसायला खुर्ची आहे का. आहे म्हणाली. मग आजीने विचारलं की चहात साखर किती घालता.